तीन बाय चार

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मापं कागदावर लिहिली जातात असं म्हणणं थोडं धाडसाचं आहे. ती पुठ्ठ्यावर लिहिली जातात, प्लायच्या तुकड्यावर, सिगारेटच्या पाकिटावर, भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीने. आणि बहुतेक वेळा माप म्हणजे दोन आकडे आणि मधे एक फुली: ३ × ४. फूट की इंच, रुंदी आधी की उंची आधी, काही लिहिलेलं नसतं. विचारलं तर उत्तर येतं, "अरे, तीन बाय चार! त्यात काय समजायचंय?"

बरंच काही समजायचं असतं.

माझं लहानपण अंबरनाथला गेलं, आणि या तीन गावांमध्ये खिडक्या बसवताना मी खूप पाहिल्या आहेत. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते 'उल्हासनगर'ची पायाभरणी झाली. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत कुटुंबं राहायला लागली, की भिंती पडतात, भिंती उठतात, दारं हलतात. अशा घरातली कोणतीही खिडकी कॅटलॉगमधून निवडता येत नाही. कोणीतरी टेप घेऊन येतो, माप घेतो आणि ते दुकानात बसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगतो. बदलापूरच्या नव्या इमारतींमध्येही शेवटी हेच होतं, कारण गिलावा झाल्यावर खिडकीचं भोक नकाशातल्यासारखं राहत नाही.

या सांगण्यात घोळ होतो. दरवाजाच्या बाबतीत होत नाही, हे मुद्दाम बघण्यासारखं आहे. सुतार 'सात बाय तीन' म्हणो की 'तीन बाय सात', सात फूट रुंद आणि तीन फूट उंच दरवाजातून माणूस जाणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. क्रम चुकला तरी वस्तूच तो दुरुस्त करून घेते. तीन आणि चार मात्र इतके शेजारचे आकडे आहेत की खिडकी आडवीही चालते आणि उभीही. वस्तू काहीच सांगत नाही.

बदलापूर पूर्वेला पाहिलेली एक खिडकी सांगतो. भिंतीतलं भोक तीन फूट रुंद आणि चार फूट उंच. माप घेणाऱ्याने लिहिलं ३ × ४. त्याच्या डोक्यात रुंदी आधी. ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्याच्या डोक्यात उंची आधी, दरवाजासारखी. त्याने चार फूट रुंद आणि तीन फूट उंच सरकती खिडकी बनवली. आता ती आडवी बसत नाही, कारण रुंदीत एक फूट जास्त आहे. मग फिरवून उभी बसवायची? सरकत्या खिडकीत ते जमत नाही. तिच्या खालच्या पट्टीला ट्रॅक असतो, त्यावर झडपांच्या बेअरिंगची चाकं धावतात, आणि पावसाचं पाणी बाहेर जायला ट्रॅकला भोकं असतात. खिडकी नव्वद अंशांत फिरवली तर झडप बाजूला सरकण्याऐवजी खाली घसरेल आणि पाण्याची भोकं भिंतीच्या कडेला जातील.

तुकडे सोडवून पुन्हा जोडावेत, तर तेही अर्धंच जमतं. वरखालचे ट्रॅक चार फुटांचे आहेत, ते कापून तीन फुटांचे होतील. पण बाजूच्या उभ्या पट्ट्या तीन फुटांच्या आहेत, त्या चार फुटांच्या कशा करणार? काचेचंही तेच. आडव्या खिडकीत दोन झडपा, प्रत्येक साधारण दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. उभीत प्रत्येक झडप दीड फूट रुंद, पण चार फूट उंच. दोन्ही काचा सहा-सहा चौरस फुटांच्याच, तरी एकीतून दुसरी निघत नाही. चूक कोणत्याही दिशेने झाली तरी एक बाजू नेहमी अपुरी पडते.

त्या खिडकीच्या वेळी मला सगळ्यात मजेशीर वाटलं ते बिल. बिल बरोबर होतं! खिडकीचा दर चौरस फुटावर असतो आणि तीन चोक बारा किंवा चार त्रिक बारा, बाराच. फ्रेमचा एकूण घेर बघा, दोन्हीत चौदा फूट. आणि फ्रेम काटकोनात आहे की तिरकी झाली, हे तपासायला कारागीर दोन्ही कर्ण मोजतात. तिथेही दोन्हीत पाच फूट. म्हणजे दुकानातल्या तीन नेहमीच्या तपासण्या, क्षेत्रफळ, घेर आणि कर्ण, या चुकीच्या बाबतीत तिन्ही आंधळ्या आहेत. चूक कळते ती खिडकी चौथ्या मजल्यावर चढवल्यावर.

माझ्या मते 'बाय'चा घोळ इतकी वर्षं टिकला तो यामुळेच. ज्या गोष्टींसाठी माणसाने आयताच्या दोन बाजू एकत्र लिहायला घेतल्या, त्या गोष्टींना क्रमाची गरजच नव्हती.

हे फार जुनं आहे. यज्ञाच्या वेदी कशा आखायच्या हे सांगणारी शुल्बसूत्रं इसवी सनाच्या काही शतकं आधीची. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन सांगतो की आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, आणि मग आयतांची यादी देतो. तिचा क्रम बघा: तीन-चार, बारा-पाच, पंधरा-आठ, सात-चोवीस, बारा-पस्तीस, पंधरा-छत्तीस. पहिल्या आयतात लहान बाजू आधी, पुढच्या दोनांत मोठी आधी, मग पुन्हा लहान. आणि हे शब्दांच्या गरिबीमुळे नाही. दोन बाजूंना त्याच्याकडे वेगळी नावं आहेत, पार्श्वमानी आणि तिर्यङ्मानी, म्हणजे बाजूचं माप आणि आडवं माप. यादीत ती वाटून द्यायची गरज त्याला पडली नाही, कारण विषय कर्णाचा होता. एककही नाही, आणि तेही बरोबरच आहे: तीन हात नि चार हात घ्या किंवा तीन वीत नि चार वीत, काटकोन तोच येतो. आजचा गवंडी पायाची आखणी करताना दोरीवर तीन, चार, पाच मोजून 'काटकोन धरतो', तेव्हा तोही हेच करत असतो.

भास्कराचार्यांनी तर हे मोकळेपणाने लिहून टाकलं. 'लीलावती' इ.स. ११५० ची. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा.) क्षेत्रव्यवहार सुरू करताना ते सांगतात, की कोणतीही एक बाजू घ्या, तिला बाहू म्हणा, आणि तिला आडवी जाणारी दुसरी बाजू म्हणजे कोटी. निवड तुमची. लगेच पहिलं उदाहरण येतं ते कोटी चार आणि भुज तीन असं, कर्ण काढा. आकडे आपल्या खिडकीचेच, पण इथे प्रत्येक आकड्याला नाव चिकटवलेलं आहे. निवड कोणतीही करा, पण केलेली सांगा, असा हा शिस्तशीर प्रकार आहे.

नाव गळून पडायला फुलीनेही मदत केली. गुणाकाराचं × हे चिन्ह इंग्लंडमध्ये विल्यम ऑट्रेडच्या १६३१ च्या पुस्तकातून रूढ झालं. मापाच्या दोन आकड्यांमध्ये ती फुली बसली की माप गुणाकारासारखं दिसू लागतं, आणि गुणाकारात क्रम बदलला तरी चालतं असं आपण तिसरीत शिकलेलो असतो.

पुढे शाळेनेच दोन उलटे नियम शिकवले. आलेखात x आधी, म्हणजे आडवं माप आधी. पडद्याचं १९२० × १०८० त्याच घराण्यातलं. बारावीत मॅट्रिक्स येतं आणि तिथे आधी ओळी, मग स्तंभ. त्यामुळे ३ × ४ चं मॅट्रिक्स कागदावर आडवं दिसतं आणि ३ × ४ चं चित्र उभं. दोन्ही लिहिणारे आपापल्या जागी बरोबर. फोनचा कॅमेरा उघडून बघा: एकावर ४:३ लिहिलेलं असेल, दुसऱ्यावर ३:४, आणि फोटो मात्र सारखाच निघेल. उल्हासनगरच्या जीन्सवरच्या आकड्यांचा प्रश्नच वेगळा. ३२ × ३४ मध्ये कंबर आधी आणि पायाची लांबी नंतर, आणि कंबर तर गोल मोजलेली.

एककाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, कारण ती बहुधा दुकानच ठरवतं. फ्लेक्सवाल्याकडे ३ × ४ म्हणजे फूट, फोटो फ्रेमवाल्याकडे इंच. फ्लेक्सचं डिझाइन करणारे बरेचदा फाइल इंचात बनवतात आणि फुटात छापतात, म्हणजे बारा पट. हे न सांगता फाइल दुसरीकडे गेली तर बॅनरऐवजी पासपोर्टच्या भावंडाएवढा कागद हातात येतो. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा. सुतारकामात मात्र फूट, इंच आणि सूत अजून नांदतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यामुळे फुलीऐवजी आडवी रेघ मारून कोणी '३-४' लिहिलं, तर ते एकच माप असू शकतं: तीन फूट चार इंच, किंवा तीन इंच चार सूत, म्हणजे साडेतीन इंच.

यावरचा मला आवडलेला उपाय भारतीय मानकांत आहे. दारं-खिडक्यांच्या मानकांमध्ये खिडकीचं नाव असं लिहितात: 10 WS 12. पहिला आकडा रुंदी, शेवटचा उंची, दोन्ही शंभर मिलिमीटरच्या पटीत. मधली अक्षरं सांगतात की ही खिडकी आहे आणि तिला एक झडप आहे. दोन झडपा असल्या तर S च्या जागी T येतो, दार असलं तर W च्या जागी D. फुली मधून काढून टाकली आणि तिच्या जागी वस्तूचं नाव बसवलं, त्यामुळे गुणाकार दिसतच नाही आणि आकडे उलटे करायचा मोह होत नाही. शिवाय हे माप भिंतीतल्या भोकाचं, फ्रेम प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटरने लहान करायची, म्हणजे ९९० × ११९०. 'माप कशाचं, भोकाचं की फ्रेमचं' हा भांडणाचा तिसरा मुद्दाही तिथेच मिटतो.

आमच्याकडच्या छोट्या दुकानांत हे नाव वापरताना मी कोणाला पाहिलेलं नाही. बदलापूरच्या त्या दुकानात आता आकडे लिहायच्या आधी एक चौकोन काढतात, आडवा किंवा उभा, जसा भिंतीत असेल तसा. मग एक आकडा खालच्या रेघेखाली आणि दुसरा बाजूच्या रेघेशेजारी. झडप ज्या बाजूला सरकते तिकडे बाण. माप घेणारा आणि कापणारा एकमेकांशी फोनवर बोलत असले, तर चौकोनाचा फोटो पाठवल्याशिवाय ट्रॅक कापायचा नाही, असं ठरलं आहे.