उष्णतेच्या लाटेत सहलीला आला असाल तर: वेरूळ-अजिंठ्याच्या पाहुण्यांसाठी वैद्यकीय सूचना

एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुट्टी असते, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून वेरूळ-अजिंठा पाहणारे गट याच दिवसांत जास्त येतात. यात आजी-आजोबा आणि लहान मुले असतात, तसेच रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारेही बरेच असतात. या काळात इथे पारा ४० अंशांच्या आसपास किंवा वर जातो. अशा वेळी सहल-व्यवस्थापकाने वेळापत्रक बदलले की अनेकांना वाटते, ‘पैसे भरलेत, मग ठरलेले सगळे दाखवा.’ प्रत्यक्षात वेळ बदलणे हा उष्माघात टाळण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. दुपारी एक वाजता उन्हात चालायचेच असेल, तर नुसते पाणी पिऊन तो धोका भरून निघत नाही.

पर्यटकाला ऊन जास्त का बाधते?

आपले शरीर मुख्यतः घामाने थंड होते. घाम त्वचेवरून वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. सतत उष्ण हवेत राहिल्यावर शरीर लवकर आणि जास्त घाम गाळायला शिकते, पण त्यात मीठ कमी सोडते. हे शिकायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तुमची सहल मात्र तीन दिवसांची असते. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून, अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्याच दिवशी पायऱ्या चढणाऱ्या माणसाला ही सवय झालेली नसते.

त्यात काही औषधांची भर पडते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असू शकते. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे उन्हात हृदयाचे ठोके हवे तितके वाढत नाहीत. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका. सहलीला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि औषधांची यादी खिशात ठेवा.

बदललेले वेळापत्रक कसे असावे?

हवामान खात्याचा इशारा आदल्या संध्याकाळी पाहून दुसऱ्या दिवसाचा निर्णय घ्यावा. मैदानी भागात तापमान ४० अंशांच्या वर आणि त्या जागेच्या नेहमीच्या तापमानापेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर ती उष्णतेची लाट मानतात. पारा ४५ अंशांवर गेला की फरक न पाहताही लाट मानतात. पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ फिरता येते. नारिंगी इशारा असेल तर सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण विश्रांती घ्यावी. लाल इशारा असेल तर ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी त्या दिवशी बाहेर पडू नये.

*वेरूळ (मंगळवारी बंद):* शहरापासून अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे आणि लेणी पहाटे लवकर उघडतात. त्यामुळे उन्हाळ्यात हे ठिकाण तुलनेने सोपे आहे. इथली लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या अंगात कोरलेली आहेत. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, म्हणून लेण्यांसमोरच्या बाजूला सावली मिळते. दुपारनंतर तेच ऊन थेट अंगावर येते. पावणेसहाला निघावे, कैलास लेणे म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे आधी पाहावे, कारण त्याचे अंगण उघडे आहे. साडेदहापर्यंत बसमध्ये परतावे.

*अजिंठा (सोमवारी बंद):* हे जास्त कठीण आहे. अंतर सुमारे १०० किलोमीटर असून लेणी सकाळी ९ च्या सुमारास उघडतात. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने जावे लागते आणि मग पायऱ्या चढायच्या असतात. वाघूर नदीच्या घळीत, नालाच्या आकाराच्या काळ्या कड्यात ही लेणी आहेत. तापलेला खडक आणि अडलेला वारा यांमुळे बाहेरची वाट भाजते, लेण्यांच्या आत मात्र गारवा असतो. म्हणून उघडण्याच्या वेळी पोहोचा, सगळी लेणी पाहण्याचा हट्ट सोडा, १, २, १६ आणि १७ ही चित्रांची लेणी निवडा आणि साडेअकराच्या आत खाली या. गुडघे दुखत असतील किंवा दम लागत असेल तर डोली घ्या. नारिंगी इशारा असेल आणि उघडण्याच्या वेळी पोहोचणे शक्य नसेल, तर अजिंठा त्या दिवशी रद्द केलेला बरा.

काही लेण्यांत चपला काढाव्या लागतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर तापलेल्या दगडावर तळवे भाजले तरी कळत नाही. अशांनी जाड सुती मोजे सोबत ठेवावेत आणि रात्री तळवे तपासावेत.

दौलताबादचा किल्ला चढणे या दिवसांत वगळावे. बीबी का मकबरा संध्याकाळी ५.३० नंतर ठेवावा.

पाणी किती, कसे?

- चालताना दर २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २०० मिलीलिटर पाणी प्या. दोन तासांच्या फेरीला सहा पेले लागतात. प्रत्येकाजवळ किमान एक लिटरची बाटली हवी.
- तहान लागण्याची वाट पाहू नका. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते.
- उलट टोकही नको. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नुसते पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरू शकते. तेव्हाही डोके दुखते आणि मळमळते, आणि लोक आणखी पाणी पाजतात.
- भरपूर घाम आला असेल तर मधला एखादा पेला ओआरएसचा घ्या. पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेले पाहा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, बहुधा एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.
- मधुमेहींनी ओआरएसला घाबरू नये. एका पेल्यात तीन ग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असते.
- ताक, पन्हे, कोकम सरबत चालेल, पण रस्त्यावरचा बर्फ टाळा. उन्हाळ्यात जुलाब झाले की पाणी झपाट्याने कमी होते. मद्य नको.
- हृदय कमकुवत असलेले किंवा डायलिसिसवरील रुग्ण यांनी पाण्याची मर्यादा आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. त्यांच्यासाठी वरचे प्रमाण लागू नाही.

लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी, थोडी आणि सहा तासांत एकदाच झाली, तर कमी पडते आहे. शौचालय मिळणार नाही या काळजीने अनेक स्त्रिया पाणी पीत नाहीत. यावर उपदेशाचा उपयोग नाही. बस दर दीड-दोन तासांनी स्वच्छ शौचालयापाशी थांबली पाहिजे, आणि थांबे निघतानाच जाहीर झाले पाहिजेत.

हॉटेलकडून काय मागून घ्यावे?

वेळापत्रक बदलले की हॉटेलचेही वेळापत्रक बदलावे लागते. चांगली हॉटेले हे देतात, पण आदल्या रात्री सांगावे लागते:

- पहाटे ५ ला चहा आणि सोबत नेण्याचा नाश्ता. उपाशीपोटी चढायला जाऊ नये, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी.
- बसमध्ये थंड पाण्याचे जार, ओआरएसची पाकिटे आणि बर्फाची पेटी.
- साडेअकरापासून हलके जेवण आणि दुपारी वातानुकूलित खोली. वीज गेल्यास जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, हे विचारा. एसी चालत नसेल तर एक सामायिक थंड दालन मागा.
- इन्शुलिनसाठी फ्रिजमध्ये जागा. उभ्या बसमध्ये इन्शुलिन ठेवू नये, ते निकामी होते.
- शेवटच्या दिवशी उशिरा खोली सोडण्याची मुभा. दुपारी १२ ला खोल्या सोडून संध्याकाळपर्यंत बसमध्ये किंवा रस्त्यावर काढणे हा सहलीतील धोक्याचा काळ असतो. सर्व खोल्या मिळत नसतील तर ज्येष्ठांसाठी दोन तरी ठेवाव्यात.
- जवळचे रुग्णालय आणि बोलावता येणारे डॉक्टर यांचे क्रमांक.

‘उन्हातून एकदम एसीत गेले की उष्माघात होतो’ हा समज चुकीचा आहे. थंड जागी जाणे हाच उपचार आहे.

एक उदाहरण

समजा, ६४ वर्षांच्या काकू लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेतात. बस उशिरा निघाली आणि त्या साडेबाराला अजिंठ्याच्या पायऱ्यांवर आहेत. सकाळपासून दोनच पेले पाणी झाले आहे. डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, अंग घामाने थबथबले आहे. नाव, गाव, वार विचारला तर त्या नीट सांगतात. ही उष्णतेने आलेली थकावट आहे. त्यांना जवळच्या लेण्याच्या सावलीत आडवे करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि ओआरएस घोट-घोट द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा उलट्या थांबत नसतील तर रुग्णालयात न्या. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा ऊन नको.

आता समजा, त्या असंबद्ध बोलू लागल्या, चिडचिड करू लागल्या, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली. हा उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असू शकते. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ असे समजू नका. चालून-चढून झालेल्या उष्माघातात घाम येत राहू शकतो. गोंधळलेले बोलणे ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

तेव्हा १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे कमी करा, सगळ्यांच्या बाटल्यांतील पाणी अंगावर ओता, पुठ्ठ्याने सतत वारा घाला, मान, काख आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. तोंडाने काही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नका. हा जंतुसंसर्गाचा ताप नसल्याने त्याचा उपयोग होत नाही, अपाय होऊ शकतो. ‘आधी रुग्णालयात नेऊ, मग थंड करू’ हा क्रम उलटा आहे. थंड करणे जागेवरच सुरू करायचे आणि रुग्णवाहिकेतही चालू ठेवायचे.

गटात दोघा-दोघांच्या जोड्या लावा. भ्रमित झालेल्या माणसाला आपण भ्रमित आहोत हे स्वतःला कळत नाही. ते जोडीदाराच्या लक्षात यावे लागते.