वर्गांतील प्रश्नांचें मोजमाप

शिक्षक प्रश्न विचारतो कसा, हें पाहण्याची रीत फार जुनी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांतील शाळांत डिपोटीसाहेब येत, मुलांना उभें करून स्वतःच प्रश्न विचारीत आणि किती मुलें उतरलीं तें लिहून घेत. शाळेला मिळणारें अनुदान कित्येकदां त्या निकालावर अवलंबून असे. परीक्षा मुलांची होई. गुरुजींनीं वर्षभर वर्गांत काय विचारलें याची नोंद कोठेंच नसे.

तशी नोंद घेण्याचा पहिला मोठा उद्योग अमेरिकेंत रोमिएट स्टीव्हन्स या बाईंनीं केला. त्यांनीं लघुलेखकाकडून पाठ शब्दशः उतरवून घेतले आणि १९१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळांच्या वर्गांत दिवसाकाठीं सुमारें चारशें प्रश्न विचारले जात असल्याचें त्यांना आढळलें, आणि त्यांतील सुमारें दोन तृतीयांश केवळ स्मरणाचे होते. प्रश्नांची सरबत्ती म्हणजे उत्तम अध्यापन, ही समजूत तेथें प्रथम ढांसळली.

परंतु स्टीव्हन्सबाईंनीं प्रश्न मोजले. प्रश्नानंतरची शांतता मोजली नाहीं. तें काम मेरी बड रो यांनीं ध्वनिमुद्रणाच्या साह्यानें केलें व १९७४ सालीं मांडलें. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें एक सेकंदच थांबतो, असें त्यांना दिसलें. तो तीन सेकंद वा अधिक थांबला, तर उत्तरें लांबतात, गप्प बसणारीं मुलें कमी होतात आणि मागें पडलेलींही बोलूं लागतात. याहून बोचणारी गोष्ट दुसरीच. शिक्षकांनीं ज्यांना हुशार मानलें होतें त्या मुलांसाठीं ते जवळजवळ दोन सेकंद थांबत, आणि ज्यांना मंद मानलें होतें त्यांच्यासाठीं एक सेकंदही नाहीं. ज्याला वेळ अधिक हवा त्यालाच तो कमी मिळे.

हीं मापें आपल्याकडे कशीं लागू पडतात, तें एका कल्पित तासावरून पाहूं. समजा, सांगली जिल्ह्यांतील कवठे महांकाळच्या एका शाळेंत भूगोलाचा तास चालला आहे. वर्गांत चाळीस मुलें. निरीक्षक मागच्या बाकावर बसतो. त्याच्यापुढें बाकांचा आराखडा आणि घड्याळ. ज्या मुलाला प्रश्न जाईल त्याच्या चौकोनांत तो एक रेघ ओढतो. वीस मिनिटांत चाळीस प्रश्न होतात. त्यांपैकीं आठांना सर्व वर्ग एकसुरांत उत्तर देतो. तीं उत्तरें कोणाच्याही चौकोनांत लिहितां येत नाहींत, कारण त्या गजरांत न येणारेंही ओठ हलवितात. उरलेल्या बत्तिसांपैकीं चोवीस पुढच्या सहा मुलांकडे जातात आणि आठ आणखी आठांकडे. आराखड्यावर सव्वीस चौकोन कोरे राहतात.

विचाराची पातळी ठरवितांना निरीक्षक सर्वांत सहज फसतो. अग्रणी नदी कोणत्या नदीस मिळते, हा स्मरणाचा प्रश्न, त्यांत वाद नाहीं. पण तालुक्यांत पाऊस कमी कां, या प्रश्नांत ‘कां’ आहे म्हणून तो विचाराचा ठरत नाहीं. त्याचें कारण काल फळ्यावर लिहून दिलें असेल तर तोही पाठांतराचाच. म्हणून आदल्या दिवसाची वही उघडून पाहावी लागते. आपल्या तासांत आठ प्रश्न विचाराचे दिसले; वही पाहिल्यावर पांचच उरले.

त्या पांचांतील एक असा : येथें पाऊस इतका कमी, तरी द्राक्षाचे मळे कसे पिकतात? प्रश्न फारच चांगला. गुरुजी एक सेकंद थांबले, वर्ग गप्प राहिला, आणि ते स्वतःच म्हणाले, “म्हैसाळच्या योजनेचें पाणी येतें, होय ना?” वर्ग म्हणाला, “होय, गुरुजी.” कागदावर हा प्रश्न वरच्या पातळीचा, प्रत्यक्षांत मुलांच्या वांट्याला केवळ होकार आला. यास्तव प्रश्नाची पातळी त्याच्या शब्दांवरून नव्हे, मुलाच्या तोंडून जें निघालें त्यावरून लिहावी. आणि थांबण्याचा काळ प्रश्नाचा शेवटचा शब्द संपल्यापासून पुढच्या कोणाच्याही आवाजापर्यंत मोजावा. तो आवाज गुरुजींचाच असेल तर तशी वेगळी खूण करावी. अशा खुणा वाढल्या, कीं मागचे सव्वीस चौकोन कोरे कां राहिले तेंही उमगूं लागतें : उत्तर गुरुजींकडूनच येणार, हें मागच्या बाकांना ठाऊक असतें.

थांबणें सर्वत्र हितकर नसतें, हेंही खरें. नदीचें नांव ठाऊक नसलेल्या मुलापुढें पांच सेकंद थांबलें, तर त्याला नांव आठवत नाहीं, फक्त शरम वाटते. शिवाय निरीक्षक आला कीं पुष्कळ शिक्षक हुशार मुलांनाच उठवितात. म्हणून एका तासाच्या आराखड्यावरून शेरा लिहूं नये. पंधरवड्यानें न कळवितां पुन्हां जावें आणि तेच सव्वीस चौकोन आधीं पाहावे.