इदड्यातील दही

सुरतेत फरसाणाच्या दुकानांत वर मिरपूड भुरभुरलेले, पांढरे व मऊ असे वाफवलेले तुकडे मिळतात. त्यांस तेथे ‘इदडा’ म्हणतात. नाव ऐकताच इडली आठवते, आणि ती आठवण अस्थानी नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘इड्डरिका’ येते. इदडा आणि इडली या दोन्ही शब्दांचे कूळ तेच दिसते. तिच्यातही मिरपूड होतीच. मात्र तांदूळ नव्हता.

त्याहून शतकभर आधी, इ. स. 1025 च्या सुमारास, चावुंडरायाने ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात कृती दिली ती अशी : उडीद ताकात भिजवावे, बारीक वाटावे, दह्याची निवळ घालावी आणि मसाला मिसळावा. पीठ रात्रभर ठेवावे, असे तीत नाही. म्हणजे दही आधी आले, ते आंबटपणासाठी. पीठ फुगवण्याची युक्ती मागाहून जोडली गेली.

हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे स्वयंपाकघरातील एक जुना घोटाळा सुटतो. पीठ फुगले नाही की गृहिणी अधिक दही घालते. पीठ अधिक आंबट होते, पण वर येत नाही. याचे कारण 1965 साली मुखर्जी, स्टाइनक्राउस आणि त्यांचे सहकारी यांनी इडलीच्या पिठावर केलेल्या संशोधनातून कळते. पीठ फुगवणारा वायू मुख्यतः ‘ल्युकोनोस्टॉक’ नावाचे जिवाणू निर्माण करतात, आणि ते डाळ-तांदळाबरोबरच येतात. दह्यातील जिवाणू बहुतांशी आम्लच तयार करतात. आम्ल आरंभीच फार वाढले, तर वायू करणाऱ्यांची वाढ खुंटते. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो.

आता सुरती इदड्याचे प्रमाण पाहू. तीन वाट्या तांदूळ व एक वाटी उडदाची डाळ पाच-सहा तास भिजवून किंचित रवाळ वाटावी आणि त्यात अर्धी वाटी दही घालावे. उन्हाळ्यात दही ताजे घ्यावे. सुरतेच्या उकाड्यात पीठ सात-आठ तासांत तयार होते. हिवाळ्यात थोडे आंबट दही चालते, पण पीठ उबेला बारा तास किंवा त्याहून अधिक ठेवावे लागते. थंडीची भरपाई वेळाने करावी, दह्याने नव्हे.

पीठ चमच्याने उचलावे. आत जाळी दिसली व पीठ हलके लागले, तर ते तयार आहे. फुगून पुन्हा खाली बसले आणि वास उग्र झाला, तर वेळ टळून गेली. अशा पिठात चिमूटभर सोडा घातल्यास आम्लाशी संयोग होऊन वायू उठतो खरा. पण तो थोडाच वेळ टिकतो, म्हणून ताटली लगेच वाफेवर चढवावी.

घाईच्या दिवशी दही व सोडा मिळून इदडा फुगवतील. पण रात्रभराच्या विसाव्याने येणारी चव त्यास येणार नाही.