विमा पॉलिसी रद्द करणे आणि सरेंडर : ठाणे, कल्याण-डोंबिवली

मुदत संपण्याआधी विमाधारकाने लेखी अर्ज देऊन करार संपवणे आणि त्यापोटी परत मिळण्याजोगी रक्कम मागणे. आयुर्विम्यात या रकमेला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. आरोग्यविम्यात उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्त्याचा परतावा मिळतो. बोलीत दोन्हींना ‘पॉलिसी मोडणे’ म्हटले जात असले, तरी हिशेबाच्या रीती अगदी वेगळ्या आहेत. हप्ता भरणे थांबवणे किंवा बँकेतला ऑटो-डेबिट बंद करणे म्हणजे पॉलिसी रद्द करणे नव्हे. त्याने पॉलिसी फक्त बंद पडते आणि पैसे कंपनीकडेच राहतात. उलट, पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज दिला तरी बँकेकडचा मँडेट आपोआप थांबत नाही. तो वेगळा थांबवावा लागतो.

पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडून 30 दिवस झाले नसतील, तर सरेंडरचा प्रश्नच येत नाही. या फ्री-लूक काळात कारण न देताही पॉलिसी परत करता येते. तेवढ्या दिवसांचा जोखीम-हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी रक्कम मिळते. मुदत दस्तऐवज मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे लिफाफा किंवा ई-मेल जपून ठेवावा.

अर्ज. शाखेत तोंडी सांगितलेल्या गोष्टीला काही किंमत नाही. एलआयसीच्या सरेंडरसाठी 5074 क्रमांकाचा फॉर्म लागतो. सोबत मूळ बाँड, ओळखपत्र, पॅनची प्रत, एनईएफटीचा फॉर्म आणि आपले नाव छापलेला रद्द केलेला धनादेश जोडावा. याशिवाय साध्या कागदावर एक पत्र द्यावे, ते असे : ‘मा. शाखा व्यवस्थापक, माझी पॉलिसी क्र. … मी सरेंडर करू इच्छितो. आजच्या तारखेस देय असलेली गॅरंटीड व स्पेशल सरेंडर व्हॅल्यू, जमा बोनस आणि होणारी वजावट यांचा तपशील लेखी द्यावा. रक्कम सोबतच्या खात्यात जमा करावी.’ हिशेबाचे आकडे मागणारे हे दुसरे वाक्य बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि मग खात्यात पडलेली रक्कम बरोबर की चूक हे ठरवायला हातात काहीच उरत नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली, तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच घ्यावी आणि प्रत ई-मेल करावी. नोंदणीकृत टपाल 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे.

डोंबिवली-कल्याणकडच्या अनेकांनी पॉलिसी घेतली ती नोकरीच्या काळात, फोर्ट किंवा दादरच्या एखाद्या शाखेत. राहते घर बदलले तरी पॉलिसीची सेवा देणारी शाखा तीच राहते. ती आधी जवळच्या शाखेकडे बदलून घेतली की पुढच्या खेपा वाचतात. अडकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या प्रस्तावावरची सही आजच्या सहीशी जुळत नाही. लग्नानंतर नाव बदलले, पण पॉलिसीत जुनेच राहिले. पॉलिसी गृहकर्जासाठी बँकेच्या नावे असाइन केली होती आणि कर्ज फिटल्यावर ती उलट करून घ्यायची राहून गेली. पगारातून कपात होणाऱ्या पॉलिसीत कंपनीने कापलेले पण एलआयसीच्या खात्यात न दिसणारे हप्ते सापडतात. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून कपातीचा दाखला आणावा लागतो, नाहीतर तेवढे हप्ते हिशेबातच येत नाहीत. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली काढलेली पॉलिसी तर नवऱ्याला एकट्याने मोडताच येत नाही. ती पत्नी-मुलांची मानली जाते.

आयुर्विम्याचा हिशेब. हप्ते भरणे थांबवले की भरलेले सगळे बुडते, अशी पद्धत एकेकाळी जगभर होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1861 मध्ये तिला कायद्याने लगाम घातला. भारतात 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 113 ने सलग तीन वर्षे हप्ते भरलेल्या पॉलिसीला हमीची सरेंडर व्हॅल्यू दिली. तीन वर्षांची ही अट पुढे दोन वर्षांवर आली. पहिल्या वर्षी थांबणाऱ्याच्या हाती मात्र काहीच पडत नसे. विमा नियामक आयआरडीएआयच्या 12 जून 2024 च्या परिपत्रकाने हे बदलले. 1 ऑक्टोबर 2024 पासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींना पूर्ण वर्षाचा हप्ता भरून पहिले वर्ष संपले की स्पेशल सरेंडर व्हॅल्यू द्यावीच लागते. जुन्या पॉलिसींना हा नियम मागे जाऊन लागू होत नाही. त्यांना बाँडवर छापलेल्या अटीच लागू राहतात. आपली पॉलिसी कोणत्या बाजूची हे प्लॅन क्रमांकावरून ओळखता येते : एलआयसीची न्यू एन्डॉवमेंट पूर्वी 914 होती, बदललेली 714 आहे, आणि न्यू जीवन आनंद 915 ची 715 झाली.

आता एक उदाहरण घेऊ. नव्या नियमाखालची पाच लाखांची, 20 वर्षांची बोनसची पॉलिसी. वार्षिक हप्ता 25,000. दोन हप्ते भरले आणि दोन वर्षे पुरी झाल्यावर तिसऱ्या वर्षात अर्ज दिला. हमीची रक्कम तिसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या 35 टक्के, म्हणजे 17,500, शिवाय बोनसचा थोडा वाटा. (दुसऱ्या वर्षी 30 टक्के, चौथ्या ते सातव्या वर्षी 50 टक्के.) स्पेशल व्हॅल्यू वेगळ्या वाटेने निघते. 20 पैकी 2 हप्ते भरले, म्हणून पाच लाखांचा दशांश, 50,000 रुपये, ही पेड-अप विमा रक्कम झाली. बोनस हजारी 40 धरला, तर दोन वर्षांचे 40,000. हे 90,000 रुपये 18 वर्षांनी मिळायचे आहेत. आज त्यांची किंमत किती, हे व्याजदर ठरवतो. तो दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या दरापेक्षा अर्ध्या टक्क्याहून अधिक वर असू नये, असे बंधन आहे. सात टक्के धरला तर आजची किंमत सुमारे 26,600 येते. मधल्या काळातल्या मृत्यूच्या शक्यतेमुळे प्रत्यक्षात थोडी जास्त. दोन आकड्यांपैकी मोठा द्यायचा, म्हणून 50,000 भरलेल्या माणसाला साधारण 27,000 मिळतात. एकच हप्ता भरून थांबला असता तर याच हिशेबाने सुमारे 12,400 मिळाले असते. जुन्या नियमात ते शून्य होते.

या हिशेबातच पर्यायही दिसतो. पॉलिसी न मोडता पेड-अप ठेवली, तर तेच 90,000 मुदतीअखेर मिळतात आणि तेवढे छोटे संरक्षण चालू राहते. पुढे बोनस मात्र सहसा मिळत नाही. म्हणजे सरेंडरचे पैसे सात टक्क्यांहून अधिक दराने वाढवता येणार असतील किंवा आजच हवे असतील, तरच मोडण्यात अर्थ आहे. अडचण तात्पुरती असेल, तर सरेंडर व्हॅल्यूच्या तारणावर कर्ज मिळते. पॉलिसीवर आधीच कर्ज असेल, तर ते व्याजासह कापून घेतले जाते.

दरवर्षी हप्ता भरायच्या शुद्ध मुदत विम्याला सरेंडर व्हॅल्यू नसते. युलिपचे पैसे पाच वर्षांपूर्वी हातात येत नाहीत. तेवढा काळ ते बंद पॉलिसींच्या वेगळ्या फंडात पडून राहतात. कोणत्याही पॉलिसीत हप्त्यासोबत भरलेला जीएसटी सरेंडरच्या हिशेबात धरत नाहीत.

आरोग्यविमा. 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार विमाधारक सात दिवसांची लेखी सूचना देऊन पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो. एक वर्षापर्यंतची पॉलिसी असेल आणि त्या काळात एकही दावा झाला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा हप्ता प्रमाणात परत द्यावा लागतो. समजा हप्ता 24,000, पॉलिसी 1 एप्रिलपासून सुरू, पत्र 1 सप्टेंबरला पोचले. सूचनेचे सात दिवस धरून संरक्षण 7 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे 160 दिवस झाले. उरले 205. तेव्हा परतावा 24,000 गुणिले 205 भागिले 365, म्हणजे 13,479 रुपये. पूर्वी कंपन्या अल्पमुदतीचा तक्ता लावत. त्यात तीन महिन्यांहून जास्त आणि सहा महिन्यांपर्यंतच्या वापरासाठी बहुधा तीन-चतुर्थांश हप्ता कापला जाई आणि हाती 6,000 येत. आजही परतावा हप्त्याच्या बरोबर पाव किंवा अर्धा दिसला, तर जुना तक्ताच लावल्याची शंका घ्यावी आणि दिवसांचा हिशेब लेखी मागावा.

दाव्याची अट कडक आहे. कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत सासऱ्यांच्या मोतीबिंदूचा छोटा दावा झाला असेल, तरी सगळ्यांच्या हप्त्याचा परतावा जातो. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल, तर जे वर्ष अजून सुरूच झालेले नाही त्याचे पैसे परत मागता येतात. आणि केवळ कंपनी आवडली नाही म्हणून मधेच रद्द करणे नुकसानीचे. आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ त्यासोबत जातो. नूतनीकरणाच्या वेळी पोर्टिंग केले तर तो टिकतो. नव्या कंपनीचे होकारपत्र येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये, हे साठीपुढच्यांना विशेष लागू आहे.

तक्रार. सरेंडरची रक्कम सात दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास किंवा कमी मिळाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’वर किंवा 155255 या क्रमांकावरही ती नोंदवता येते. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे अर्ज करावा लागतो. 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी लोकपाल ऐकतो, फी नाही आणि वकील लागत नाही. ठाणे जिल्ह्यातली प्रकरणे पूर्वी पुण्याच्या लोकपालाकडे जात. आता ठाणे, रायगड आणि पालघर जिल्ह्यांसाठी वेगळे कार्यालय आहे. ते ठाणे पश्चिमेला वसंतराव नाईक महामार्गावरच्या ‘जीवन चिंतामणी’ इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. शिक्का मारलेल्या पत्राची प्रत तिथे अर्जासोबत जोडावी.