घसारा : स्थिर हप्ता व घटती शिल्लक पद्धत

यंत्र, इमारत, वाहन यांसारख्या टिकाऊ मालमत्तेच्या किमतीचा जो भाग दरवर्षी खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो, तो घसारा. स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते. घटती शिल्लक पद्धतीत ठरावीक दर उरलेल्या किमतीवर लावतात, त्यामुळे सुरुवातीला घसारा मोठा असतो आणि पुढे कमी होत जातो.

छोट्या व्यावसायिकाला हिशेबाच्या वहीत यांपैकी कोणतीही पद्धत ठेवता येते. आयकरासाठी मात्र ही निवड नसते. आयकर कायद्यानुसार सर्वसाधारण यंत्रांवर 15 टक्के दराने घटत्या शिल्लकेवरच घसारा मिळतो. स्थिर हप्त्याचा पर्याय वीजनिर्मिती उद्योगांपुरता आहे.

उदाहरणार्थ, सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका हळद दळणाऱ्या उद्योजकाने एप्रिलमध्ये जीएसटी वगळून 10,00,000 रुपयांचे यंत्र सुरू केले आणि घसाऱ्यापूर्वीचा त्याचा वार्षिक नफा 16,00,000 रुपये आहे असे धरू. यंत्र दहा वर्षे चालेल या अंदाजाने वहीत दरवर्षी 1,00,000 रुपये घसारा पडतो आणि नफा 15,00,000 दिसतो. कराच्या हिशेबात पहिल्या वर्षी घसारा 1,50,000 रुपये, म्हणून करपात्र नफा 14,50,000 येतो. पुढे घसारा 1,27,500, मग 1,08,375 आणि चौथ्या वर्षी सुमारे 92,100 रुपये होतो. म्हणजे तीन वर्षे करपात्र नफा वहीतल्या नफ्यापेक्षा कमी राहतो आणि चौथ्या वर्षापासून जास्त होतो. दहा वर्षांनी वहीतली किंमत शून्यावर येते, तरी कराच्या हिशेबात सुमारे 1,96,900 रुपये वजा व्हायचे बाकी असतात. सुरुवातीला वाचलेला कर त्यामुळे माफ झालेला नसतो, पुढे ढकललेला असतो.

यंत्र ज्या आर्थिक वर्षात घेतले त्या वर्षात ते 180 दिवसांपेक्षा कमी वापरले, तर त्या वर्षी निम्माच दर लागतो. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपने तेवढ्याच किमतीचे लेथ मशीन दिवाळीच्या मुहूर्तावर सुरू केले, तर मार्चअखेर 180 दिवस भरत नाहीत. पहिल्या वर्षी 75,000 रुपयेच वजा होतात आणि उरलेल्या 9,25,000 रुपयांवर पुढच्या वर्षी 15 टक्के दराने घसारा मिळतो.

विवरणपत्र भरताना वहीतला घसारा आधी नफ्यात परत मिळवावा लागतो आणि मग आयकराचा घसारा वजा करावा लागतो. पहिली पायरी राहिली, तर घसारा दोनदा वजा होतो. वर्षारंभीची शिल्लक मागील विवरणपत्रातील अखेरच्या शिल्लकेशी जुळत नसेल, तर दोन हिशेबांची सरमिसळ झाल्याची शंका घ्यावी. घसारा मागितला नाही, तरी तो दिला गेला असे कायदा मानतो आणि शिल्लक घटते. आयकर कायद्याखाली अंदाजित नफा दाखवणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो.