डिजिटल फोटो फ्रेममध्ये चेहरे का कापले जातात? फोटो टाकण्याआधी काय करायचं?

समजा, पुण्यात नोकरीला असलेल्या नातवाने बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे इथे आजीसाठी डिजिटल फोटो फ्रेम पाठवली. मेमरी कार्डात लग्नाचे, बारशाचे, शेतातले फोटो आहेत. फ्रेम सुरू केली तर नवरीचा शालू दिसतो, नवऱ्याचा शेरवानी दिसतो, पण दोघांची डोकी गायब! पुढच्या फोटोत दोन्ही बाजूंना जाड काळे पट्टे. असं झालं की फ्रेम खराब निघाली असं वाटतं. खरं तर बिघाड काहीच नसतो. फोटोचा आणि स्क्रीनचा आकार जुळत नाही, एवढंच.

आकार म्हणजे इथे रुंदी आणि उंचीचं प्रमाण. १० इंची अनेक फ्रेमची स्क्रीन आडवी, १२८०×८०० पिक्सेलची असते. म्हणजे प्रमाण १६:१०. मोबाइलचा कॅमेरा मात्र साधारणपणे ४:३ प्रमाणात फोटो काढतो. हा फोटो स्क्रीनवर दाखवायचा तर फ्रेमपुढे दोनच सरळ मार्ग उरतात: स्क्रीन पूर्ण भरायची आणि जास्तीचा भाग कापायचा, किंवा फोटो पूर्ण दाखवायचा आणि उरलेली जागा काळी ठेवायची. सेटिंगमध्ये यांची नावं बहुतेकदा Fill आणि Fit अशी असतात. काही फ्रेम तिसरा मार्ग घेतात, फोटो ताणतात. त्यात चेहरे रुंद, फुगलेले दिसतात. हा पर्याय बंदच ठेवलेला बरा.

डोकीच का जातात?

फोन आडवा धरून काढलेल्या फोटोचं फार नुकसान होत नाही. Fill लावल्यावर वरून आणि खालून मिळून उंचीचा सहावा हिस्सा जातो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच माणसांना तेवढा फटका बसतो.

खरी अडचण उभ्या फोटोची आहे. ३०००×४००० पिक्सेलचा उभा फोटो १२८० रुंदीत बसवला की त्याची उंची होते सुमारे १७०७ पिक्सेल. स्क्रीन दाखवू शकते फक्त ८००. म्हणजे निम्म्याहून जास्त फोटो बाहेर. फ्रेम सहसा मधला भाग ठेवते आणि वरून-खालून सारखंच कापते, वरचे ४५३ पिक्सेल आणि खालचे ४५३. पूर्ण उभ्या माणसाचा चेहरा नेमका त्या वरच्या पाव भागात असतो! कापताना बहुतेक फ्रेम चेहरा कुठे आहे ते बघत नाहीत. Fit लावलं तर चेहरा वाचतो, पण फोटो जेमतेम ६०० पिक्सेल रुंद राहतो आणि दोन्ही बाजूंना ३४० पिक्सेलचे पट्टे येतात.

मग फोटो कसे तयार करायचे?

आधी आपल्या स्क्रीनचं प्रमाण बघा. खोक्यावरच्या ‘एचडी’ या शब्दावर जाऊ नका. पट्टीने दिसणारी स्क्रीन मोजा आणि रुंदीला उंचीने भागा. १.६ आलं तर १६:१०, १.७८ च्या आसपास आलं तर १६:९ आणि १.३३ आलं तर ४:३. शेवटच्या प्रकारच्या फ्रेमला मोबाइलचे आडवे फोटो तसेच बसतात.

त्यानंतर मूळ फोटोला हात न लावता त्याची कॉपी काढून ती क्रॉप करा. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये १६:१० हे प्रमाण बहुतेकदा नसतं. अशा वेळी ३:२ निवडा, ते बरंच जवळचं आहे. फ्रेम त्यातलंही थोडं कापेल, म्हणून डोक्यांच्या वर बोटभर जागा सोडा. क्रॉपची चौकट वर सरकवून चेहरे आत घ्या. पाय कापले गेले तरी चालतं. फक्त क्रॉपनंतर रुंदी १२८० पिक्सेलपेक्षा बरीच कमी उरली, तर फोटो धूसर दिसेल.

उभ्या फोटोंसाठी चांगला उपाय म्हणजे जोडी लावणे. १२८०×८०० ची स्क्रीन मधोमध विभागली की ६४०×८०० चे दोन भाग होतात, म्हणजे ४:५. इन्स्टाग्रामवर उभ्या पोस्टसाठी वापरतात तेच हे प्रमाण. मोबाइलचा उभा फोटो ४:५ करताना उंचीतून जेमतेम सोळावा हिस्सा जातो. कॅनव्हामध्ये १२८०×८०० चं कोरं डिझाइन घ्या, दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवा आणि जेपीजी म्हणून सेव्ह करा. आजोबांचा एकच उभा फोटो असेल आणि त्यातलं काहीच कापायचं नसेल, तर त्याच कोऱ्या डिझाइनवर तो मधोमध ठेवून मागे फिकट रंग द्या. पट्टे तेव्हाही असतील, पण काळे नसतील.

सगळे फोटो एकदम टाकू नका. आधी एक आडवा, एक जोडीचा आणि एक ग्रुप फोटो टाकून बघा. उभा फोटो आडवा पडलेला दिसला तर कारण वेगळं आहे. फोन फोटोसोबत ‘हा फिरवून दाखवा’ अशी खूण ठेवतो आणि काही जुन्या फ्रेमना ती वाचता येत नाही. कॅनव्हातून नव्याने सेव्ह केलेल्या फोटोत ही अडचण येत नाही.