१७६ तासांचं मीटर

क्लाउडचं बिल बघणाऱ्यांना 'कमिटेड स्पेंड' हा शब्द नवा नाही. वर्षाला अमुक इतके पैसे देणारच असं लिहून द्यायचं. वापर कमी झाला तरी तेवढे भरायचे, आणि जास्त झाला तर वरचा हिशोब मागाहून चुकता करायचा. या मागाहूनच्या हिशोबाला म्हणतात ट्रू-अप. आपल्याला वाटतं ही हल्लीची आयडिया. पण साठच्या दशकातल्या मेनफ्रेमच्या खोलीत डोकावलं तर हेच गणित एका मीटरवर फिरताना दिसतं.

तेव्हा आयबीएमची मशीन्स बहुतेक लोक भाड्याने घेत. महिन्याचं ठरलेलं भाडं भरलं की १७६ तास वापरायला मिळायचे. हा आकडा आला कुठून? रोजचे ८ तास गुणिले महिन्याचे २२ दिवस, म्हणजे एक शिफ्ट. त्याहून जास्त चालवलं तर वाचन घेऊन जादा तासांचं वेगळं बिल. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० वर मीटरही दोन होती, एक गिऱ्हाइकाचं आणि एक दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरचं. दुरुस्तीवाला किल्ली फिरवून आपलं मीटर चालू करायचा, म्हणजे त्याचा वेळ तुमच्या खात्यात पडत नसे.

आता थोडा हिशोब करू. समजा भाडं १७,६०० डॉलर आणि जादा तासाचा दर ३० डॉलर (आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले). महिन्यात २४० तास वापर झाला, तर वरच्या ६४ तासांचे १,९२० डॉलर, एकूण १९,५२०. आणि वापर फक्त १४० तास झाला तर? तरीही १७,६००. एखाद्या हुशार प्रोग्रामरने रात्र रात्र जागून तो १४० वरून १०० वर आणला तर? तरीही १७,६००! रेषेच्या खाली वाचवलेल्या तासाची किंमत शून्य, रेषेच्या वर प्रत्येक तासाचे रोख पैसे. कोड तोच, मेहनतही तीच.

रेषेच्या वर असलेल्यांनी काय केलं ती गोष्ट मला फार आवडते. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सीपी-६७ नावाची टाइम-शेअरिंग सिस्टिम तयार झाली. टर्मिनलवरून कोणी कधीही लॉगिन करेल, म्हणून मशीन रात्रभर चालू हवं. पण रात्री दोन वाजता येणार कोण? वापर जेमतेम, मीटर मात्र चालूच. कारण नुसता प्रोसेसर थांबून भागत नसे. उपकरणांशी देवाणघेवाण करणारी चॅनेल्सही शांत व्हावी लागत, आणि सगळं शांत झाल्यावर जवळपास ४०० मिलिसेकंदांनी मीटर थांबायचं. टर्मिनलच्या अक्षराची वाट बघणारं चॅनेल मात्र सतत 'बिझी' असायचं.

मग त्यांनी चॅनेलचा प्रोग्रामच असा लिहिला की वाट बघताना चॅनेल मोकळं राहील आणि अक्षर आलं की जागं होईल. कोणी काही टाइप करत नसेल तर मीटर थांबलेलं, आणि सर्व्हिस तरीही चालू. १९६८ साली सीपी-६७ घेऊन टाइम-शेअरिंगच्या धंद्यात उतरलेल्या कंपन्यांना चोवीस तास सेवा परवडायची, तर अशा युक्त्या लागणारच होत्या. बिलाच्या अटीने ऑपरेटिंग सिस्टिमचं डिझाइन बदललं ते असं.

आता थेट २०१७. स्नॅप कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचा गूगल क्लाउडशी असलेला करार कागदपत्रांत जाहीर झाला. ५ वर्षांत २ अब्ज डॉलर, म्हणजे दर वर्षी किमान ४० कोटी. कमी पडले तर फरक भरायचा. पण पहिल्या चार वर्षांत त्या किमान रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६ कोटी, पुढे ढकलता येणार होते.

म्हणजे वापर ३६ कोटींचा झाला तर ४ कोटींची तूट सगळी पुढे जाते, त्या वर्षी दंड नाही. ३० कोटींचा झाला तर १० कोटींच्या तुटीतले ६ पुढे आणि ४ कोटी न वापरता भरायचे. आयबीएमच्या महिन्यात ही सवलत नव्हती. पण ढकललेली तूट माफ होत नाही हेही बघा. पुढच्या वर्षाची रेषा ४० वरून ४६ कोटींवर जाते, आणि ज्याला ४० गाठता आले नाहीत त्याला आता ४६ गाठायचे आहेत!

म्हणून मॅनेजर "खर्च कमी करा" म्हणाला की मी आधी एकच प्रश्न विचारतो: या वेगाने वर्षअखेरीस आपण रेषेच्या वर असू की खाली? खाली असलो तर या वर्षी वाचवलेला रुपया हातात येत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की पुढच्या करारात छोटा आकडा मागता येतो. आणि तो आकडा सही करण्याआधीच मागावा लागतो.